आधी सावधगिरी, मग भरपाई: पर्यावरण कायद्यातील दोन तत्त्वे आणि पेपरातील उत्तर

प्रश्न: एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पर्यावरण कायद्याच्या पेपरात ‘प्रदूषक भरेल’ आणि ‘सावधगिरीचे तत्त्व’ यांवर दरवर्षी मोठा प्रश्न असतो. मी दोन्हींच्या व्याख्या लिहितो, वेल्लोरचा खटला लिहितो, तरी गुण अर्धेच मिळतात. कोणता खटला नेमका कशासाठी वापरायचा? आणि महाराष्ट्रातलं एखादं चांगलं उदाहरण आहे का?

उत्तर:

बहुतेक उत्तरपत्रिकांत ही दोन तत्त्वे जुळ्या भावंडांसारखी शेजारी शेजारी मांडलेली असतात आणि दोन्हींखाली एकच खटला असतो. परीक्षकाला मात्र पाहायचे असते की, समोर वस्तुस्थिती ठेवली तर कोणते तत्त्व कधी लागू होते, पुराव्याचा भार कोणावर येतो आणि न्यायालयाच्या हाती कोणता आदेश असतो, हे तुम्हाला सांगता येते का. सावधगिरीचे तत्त्व नुकसान होण्याआधी काम करते आणि त्यातून परवानगी नाकारणे, अटी घालणे, काम थांबवणे असे आदेश निघतात. ‘प्रदूषक भरेल’ हे नुकसान झाल्यानंतरचे तत्त्व आहे आणि त्यातून पैशाचे आदेश निघतात. पहिले अपयशी ठरले की दुसऱ्याची गरज पडते. हा क्रम उत्तराच्या पहिल्याच परिच्छेदात यायला हवा.

वेल्लोर सिटिझन्स वेल्फेअर फोरम (1996) हा पाया आहेच, पण त्याचा उपयोग नेमका करा. तमिळनाडूतील पालार नदीकाठच्या चामडे कमावणाऱ्या कारखान्यांचा तो खटला. न्या. कुलदीप सिंग यांच्या खंडपीठाने ही दोन्ही तत्त्वे भारतीय कायद्याचा भाग असल्याचे सांगितले आणि सावधगिरीच्या तत्त्वाचे तीन घटक दिले. शासनाने नुकसानीची कारणे आधीच ओळखून ती रोखली पाहिजेत. गंभीर किंवा भरून न येणाऱ्या हानीचा धोका असेल, तर शास्त्रीय खात्री नाही या सबबीवर उपाय पुढे ढकलता येत नाहीत. आणि आपले काम पर्यावरणाला बाधक नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी उद्योजकावर आहे. दुसरा घटक 1992 च्या रिओ जाहीरनाम्यातील पंधराव्या तत्त्वाशी जुळतो. तिसरा, म्हणजे पुराव्याचा भार उलटवणे, त्या पंधराव्या तत्त्वाच्या मजकुरात नाही. तो आपल्या न्यायालयाने स्पष्टपणे मांडला. एवढे एक वाक्य लिहिले तरी मूळ मजकूर वाचल्याचे दिसते.

आता सावधगिरीसाठी वेल्लोरपेक्षा चांगले उदाहरण घ्या. वेल्लोरमध्ये प्रदूषण आधीच झाले होते. शुद्ध सावधगिरीचा खटला म्हणजे आंध्र प्रदेश प्रदूषण नियंत्रण मंडळ विरुद्ध प्रा. एम. व्ही. नायडू. तिथे कारखाना सुरूच झाला नव्हता. एका कंपनीला एरंडेल तेलापासून रसायने बनवायची होती. जागा हिमायतसागर आणि उस्मानसागर या हैदराबादला पिण्याचे पाणी पुरवणाऱ्या तलावांच्या 10 किलोमीटरच्या आत होती आणि त्या पट्ट्यात प्रदूषणकारी उद्योगांना राज्य सरकारची बंदी होती. प्रक्रियेतून वापरून झालेला निकेल उत्प्रेरक बाहेर पडणार होता. मंडळाने संमती नाकारली. जल कायद्याखालच्या अपील प्राधिकरणाने मात्र तंत्रज्ञान सुरक्षित असल्याच्या शास्त्रज्ञाच्या शपथपत्रावर भिस्त ठेवून कंपनीच्या बाजूने निर्णय दिला. सरकारने बंदीतून सूटही दिली होती.

सर्वोच्च न्यायालयात न्या. जगन्नाथ राव यांनी 1999 च्या निकालात ‘सामावून घेण्याची क्षमता’ या जुन्या कल्पनेपासून सावधगिरीकडे झालेला प्रवास उलगडला. 1972 च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यामागे अशी समजूत होती की नदी, हवा, जमीन ठरावीक मर्यादेपर्यंत घाण पचवतात आणि ती मर्यादा विज्ञान आपल्याला वेळेत सांगेल. मर्यादा ओलांडली गेल्याचे बहुतेक वेळा उशिरा कळते, हे पुढे लक्षात आले आणि 1982 च्या जागतिक निसर्ग सनदेपासून दिशा बदलली. विज्ञान अपुरे असेल तेव्हा चूक झालीच तर ती सावधगिरीच्या बाजूने व्हावी, हा या निकालाचा गाभा. 2000 सालच्या दुसऱ्या निकालात न्यायालयाने सरकारने दिलेली सूटही मान्य केली नाही. लाखो लोकांच्या पिण्याच्या पाण्याला ‘कदाचित’ धोका आहे, एवढे सावधगिरीसाठी पुरते. कोणी आजारी पडल्याचा पुरावा लागत नाही.

इथे एक मर्यादा लिहायला विसरू नका, कारण नेमके तिथेच चांगले उत्तर वेगळे पडते. नर्मदा बचाव आंदोलन (2000) खटल्यात बहुमताने म्हटले की, भार उलटवण्याचा नियम हानीचे स्वरूप किंवा व्याप्ती अज्ञात असते तिथला आहे. धरणाचे परिणाम ठाऊक असतात, त्यामुळे तो नियम तिथे तसाच लागू होत नाही. हा युक्तिवाद मला स्वतःला पटत नाही. एखाद्या विशिष्ट खोऱ्यात पुनर्वसन आणि वनहानी किती होईल यातही भरपूर अनिश्चितता असते. पण कायदा म्हणून तो निकाल आहे आणि त्याचा उल्लेख न करता ‘भार नेहमी उद्योजकावर’ असे लिहिणे चूक आहे.

‘प्रदूषक भरेल’साठी बिछडीचा खटला घ्या आणि तो नीट, तपशिलात मांडा. इंडियन कौन्सिल फॉर एन्व्हायरो-लीगल ॲक्शन विरुद्ध भारत सरकार, फेब्रुवारी 1996. राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यातल्या बिछडी गावाजवळच्या कारखान्यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस एच-ॲसिड हे रंगनिर्मितीत लागणारे रसायन बनवले. उत्पादन सुमारे 375 टनांचेच, पण त्यातून सुमारे 2,440 टन विषारी गाळ निघाला. म्हणजे एक टन मालामागे साडेसहा टन विष. गाळ उघड्यावर टाकला गेला, पावसाने ते विष जमिनीत मुरले आणि विहिरींचे पाणी इतके काळवंडले की ते माणसांना, जनावरांना किंवा शेतीला वापरता येईना. लोक इतके संतापले की जमावबंदी लावावी लागली. पुढे कारखाने बंद झाले, पण गाळ आणि भूजलातले विष तिथेच राहिले.

न्या. जीवन रेड्डी यांच्या निकालातील तर्क तीन पायऱ्यांचा आहे. पहिली, 1987 च्या ओलियम वायू खटल्यातील निरपवाद दायित्व: धोकादायक उद्योग करणाऱ्याने काळजी घेतली होती की नाही हा प्रश्न गैरलागू. दुसरी, भरपाईत दोन गोष्टी येतात, पीडितांचे नुकसान आणि पर्यावरण पूर्ववत करण्याचा खर्च. करदात्यांच्या पैशातून सफाई करणे म्हणजे नफा कंपनीचा आणि खर्च समाजाचा. तिसरी पायरी विद्यार्थी हमखास गाळतात: पैसे वसूल करण्याचा अधिकार येतो कुठून? न्यायालयाने तो पर्यावरण संरक्षण अधिनियम, 1986 च्या कलम 3 आणि 5 मध्ये शोधला. केंद्र सरकारला उपाययोजना करण्याचा अधिकार आहे, म्हणजे तिचा खर्च प्रदूषकाकडून घेण्याचाही आहे. गावकऱ्यांचे वैयक्तिक नुकसान न्यायालयाने स्वतः मोजले नाही. त्यासाठी दिवाणी दाव्याची वाट मोकळी ठेवली.

आकडा कसा ठरला तेही पाहा. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने जागेची तपासणी करून उपाययोजनेचा अहवाल दिला होता. त्या आधारे माती आणि भूजल सुधारण्यासाठी 37.385 कोटी रुपये निश्चित झाले. कंपन्यांनी एकामागून एक अर्ज करून वसुली लांबवली. शेवटी जुलै 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही रक्कम 4 नोव्हेंबर 1997 पासून 12 टक्के चक्रवाढ व्याजाने भरायला सांगितली आणि वर 10 लाखांचा खर्च बसवला. पावणेचौदा वर्षांचे चक्रवाढ व्याज धरले तर रक्कम चौपटीहून अधिक होते. खटला लांबवून मिळणारा फायदा काढून घेणे हाच त्या व्याजाचा हेतू होता. पण दोन दशके तिथल्या लोकांच्या विहिरी तशाच राहिल्या. ‘प्रदूषक भरेल’ची खरी मर्यादा दाखवायला याहून चांगला खटला नाही.

2010 नंतरच्या उत्तरात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियमाचे कलम 20 आलेच पाहिजे. त्याने शाश्वत विकासासह ही दोन्ही तत्त्वे न्यायाधिकरणावर बंधनकारक केली, म्हणजे न्यायनिर्मित तत्त्वांना कायद्याचे कलम मिळाले. कलम 15 खाली पीडितांना भरपाई, मालमत्ता पूर्ववत करणे आणि पर्यावरण पूर्ववत करणे असे तीन वेगळे आदेश होऊ शकतात, आणि मुदत पाच वर्षांची आहे. कलम 14 ची सहा महिन्यांची मुदत वेगळी. भरपाईच्या प्रश्नाला सहा महिने लावून ‘अर्ज मुदतबाह्य’ असे लिहिणारे बरेच असतात. कलम 17 अपघातासाठी दोषविरहित दायित्व सांगते.

आता पैसे मोजण्याचा भाग. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पर्यावरण भरपाईसाठी एक सूत्र तयार केले आणि न्यायाधिकरणाने 2019 मध्ये ते स्वीकारले:

```
EC = PI × N × R × S × LF
```

PI हा उद्योगाचा प्रदूषण निर्देशांक: लाल वर्गाला 80, नारिंगीला 50, हिरव्याला 30. N म्हणजे उल्लंघनाचे दिवस. R हा रुपयांतला गुणक, 100 ते 500 च्या दरम्यान, आणि मंडळाने सुचवलेला आकडा 250. S उद्योगाच्या आकाराचा: लघु 0.5, मध्यम 1, मोठा 1.5. LF ठिकाणाचा, जवळच्या शहराच्या लोकसंख्येवरून: 10 लाखांच्या आत 1, 10 ते 50 लाखांपर्यंत 1.25, आणि पुढे वाढत जातो. समजा लाल वर्गातील मध्यम कारखाना 25 लाख वस्तीच्या शहरालगत आहे आणि त्याने 60 दिवस प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडले. 80 × 60 × 250 × 1 × 1.25 म्हणजे 15 लाख रुपये, दिवसाला 25,000.

या सूत्राकडे टीकात्मक नजरेने पाहा. त्यात नुकसान किती झाले हे मोजणारा एकही घटक नाही. दिवसाला दहा हजार लिटर सोडा की दहा लाख लिटर, बाकीचे आकडे तेच असतील तर रक्कमही तीच. शिवाय दिवसाचे 25,000 हे सांडपाणी प्रकल्प चालवण्याच्या वीज-रसायन खर्चापेक्षा कमी असले, तर कारखान्याला प्रदूषण करणेच परवडते. बिछडीत आकडा जमिनीवरच्या पाहणीतून आला होता. सूत्र झटपट चालते, पण ते उल्लंघनाची किंमत लावते, सुधारणेचा खर्च सांगत नाही.

दुसऱ्या टोकाची चूकही होते. जळगावच्या बेंझो केम या कंपनीवर न्यायाधिकरणाने तिच्या उलाढालीकडे पाहून 25 कोटी रुपये बसवले होते. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला, कारण उलाढालीचा आणि झालेल्या नुकसानीचा संबंध दाखवलेला नव्हता. याआधी दीपक नायट्राइट (2004) खटल्यातही न्यायालयाने हानी झाल्याचा निष्कर्ष न काढता उलाढालीचा एक टक्का वसूल करण्याला आक्षेप घेतला होता. उलट स्टरलाइट (2013) खटल्यात तुतिकोरिनच्या कारखान्यावर 100 कोटी बसवताना कंपनीची आर्थिक ताकद विचारात घेतली गेली. मी या निकालांची जुळणी अशी करतो: प्रदूषण आणि हानी आधी सिद्ध झाली पाहिजे, त्यानंतर रकमेला धाक राहावा म्हणून कंपनीचा आकार पाहता येतो. आकार हा हानीच्या पुराव्याची जागा घेऊ शकत नाही.

ऑगस्ट 2025 चा दिल्ली प्रदूषण नियंत्रण समिती विरुद्ध लोधी प्रॉपर्टी हा निकाल तर दोन्ही तत्त्वांना जोडणारा दुवाच आहे. जल कायद्याच्या कलम 33-अ आणि हवा कायद्याच्या कलम 31-अ खाली मंडळांना भरपाई वसूल करता येते, आणि हानी होण्याआधी खबरदारी म्हणून बँक हमीही मागता येते, असे न्यायालयाने ठरवले. मात्र प्रत्येक नियमभंगावर भरपाई लागत नाही. प्रत्यक्ष हानी किंवा तिचा धोका ठरवावा लागतो आणि त्याची पद्धत नियमांनी आखलेली हवी.

महाराष्ट्रातले सर्वांत उपयोगी उदाहरण म्हणजे पुण्याच्या वडगाव बुद्रुकचा गोयल गंगा डेव्हलपर्स (2018) खटला. 2008 मध्ये 57,658.42 चौरस मीटर बांधकामाला पर्यावरण मंजुरी मिळाली: 552 सदनिका, 50 दुकाने, 34 कार्यालये. प्रत्यक्षात 807 सदनिका आणि 117 दुकाने-कार्यालये उभी राहिली. ‘बांधकाम क्षेत्र म्हणजे फक्त एफएसआयमध्ये मोजले जाणारे क्षेत्र’ हा विकासकाचा बचाव न्यायालयाने फेटाळला. पर्यावरणावरचा ताण छताखालच्या सगळ्या क्षेत्राचा असतो. एफएसआयमधून सूट मिळालेला भाग त्या ताणातून वगळला जात नाही.

पुढे न्यायालयासमोर पेच होता. इमारती पाडायच्या तर घरे घेतलेली कुटुंबे रस्त्यावर येतात. म्हणून उभे बांधकाम राहू दिले, 454 सदनिकांच्या आणखी दोन इमारतींना नकार दिला आणि 100 कोटी किंवा प्रकल्पखर्चाच्या 10 टक्के, यांपैकी जी रक्कम जास्त असेल ती भरायला सांगितली. मंजुरी ही सावधगिरीच्या तत्त्वाची यंत्रणा आहे: आधी पाणी, सांडपाणी, वाहतूक यांचा अंदाज घ्यायचा आणि मगच पाया खणायचा. त्या टप्प्यावरच ती चुकवली गेली, म्हणून न्यायालयाकडे पैशाचाच मार्ग उरला. उत्तरात हा खटला ‘प्रदूषक भरेल’खाली लिहा, पण मूळ भंग सावधगिरीचा होता हे सांगा.

इथूनच आजचा सर्वांत जिवंत वाद सुरू होतो: काम आधी, पर्यावरण मंजुरी नंतर. अलेम्बिक फार्मास्युटिकल्स (2020) खटल्यात न्यायालयाने अशी पश्चात मंजुरी सावधगिरीच्या तत्त्वाच्या विरुद्ध ठरवली, तरी गुजरातमधले कारखाने बंद न करता प्रत्येकी 10 कोटी भरायला लावले. केंद्राची 2017 ची अधिसूचना आणि 2021 चे कार्यालयीन ज्ञापन मात्र उल्लंघन करणाऱ्यांना मंजुरीची वाट देत होते. ज्ञापनात प्रकल्पखर्चाच्या टक्केवारीने दंडही ठरवला होता. मुंबईच्या वनशक्ती संस्थेच्या याचिकेवर 16 मे 2025 रोजी न्या. ओक आणि न्या. भुयान यांनी दोन्ही रद्द केले. 18 नोव्हेंबर 2025 रोजी तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने दोन विरुद्ध एक मतांनी तो निकाल मागे घेतला. बहुमताला हजारो कोटींचे सार्वजनिक प्रकल्प पाडावे लागण्याची चिंता होती, आणि आधीच्या काही निकालांचा विचार झाला नव्हता असे त्याचे मत पडले. न्या. भुयान यांचे भिन्नमत असे की, ‘प्रदूषक भरेल’चा आधार घेऊन सावधगिरीचे तत्त्व बाजूला सारता येत नाही.

मला भिन्नमत बरोबर वाटते. दंडाचा दर आधीच जाहीर असेल तर विकासक तो प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात धरतो. मग भरपाईचे तत्त्व उल्लंघनाची फी होऊन बसते. पण परीक्षेत बहुमताची बाजूही प्रामाणिकपणे लिहा आणि मे 2025 चा निकाल चालू कायदा म्हणून लिहू नका. जुन्या नोट्समध्ये तो तसाच राहिलेला असतो.

वस्तुस्थितीवर आधारित प्रश्न आला तर आधी तारखा पाहा. संमती किंवा मंजुरी काम सुरू होण्याआधी होती का? नसेल तर सावधगिरीचा भंग तिथेच पूर्ण होतो, हानी सिद्ध करावी लागत नाही. त्यानंतर हानीचा पुरावा पाहा. मंडळाने सांडपाण्याचा नमुना घेतला असेल तर जल कायद्याचे कलम 21 लावा: नोटीस दिली का, मालकासमोर नमुन्याचे दोन भाग केले का, दोन्ही बाटल्यांवर मोहोर आणि दोघांच्या सह्या आहेत का. ही पद्धत पाळली नसेल तर विश्लेषणाचा अहवाल पुरावा म्हणून ग्राह्य धरला जात नाही, आणि चांगल्या बाजूचे दावे अनेकदा याच ठिकाणी कोसळतात. पुरावा टिकत असेल तर रकमेकडे या: पूर्ववत करण्याच्या खर्चाची पाहणी झाली आहे, की नुसते सूत्र लावले आहे, की उलाढालीवरून आकडा काढला आहे? पाहणी झाली असेल तर बिछडीचा आधार द्या. सूत्र लावले असेल तर दिवसांची मोजणी तपासा, म्हणजे उल्लंघन आढळल्याच्या तारखेपासून पूर्तता पडताळल्याच्या तारखेपर्यंत. आणि उलाढालीवरून असेल तर बेंझो केम मांडा.